ट्रान-१ आणि रंगाच्या ड्रममधली न दिसणारी एक्साईज

सोलापुरात एमआयडीसीतल्या एका टॉवेल-चादरीच्या कारखान्याचे हिशेब मी पाहतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा गोदामातल्या मालात मुरलेला जुना कर परत मिळवण्यासाठी ट्रान-१ हा फॉर्म होता. आमचा दावा त्या वेळी पोर्टलवर चढलाच नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर २०२२ या काळात पोर्टल पुन्हा उघडलं, तेव्हा तो भरला. लॉगिन, डिजिटल सही, सात दिवसांत कागद अधिकाऱ्याकडे देणं, यातलं काहीच अवघड नव्हतं. सगळं अडलं ते फॉर्मच्या तक्ता ७(ए) मध्ये, म्हणजे साठ्यातल्या मालावरचा जुना कर मागायच्या तक्त्यात, आणि तिथे का अडलं हे कळायला आधी जुन्या करांची रचना पाहावी लागते.

पूर्वी उलाढालीवर कर होता तेव्हा माल जितक्या वेळा विकला जाई तितक्या वेळा पूर्ण किमतीवर कर बसे, आणि त्या किमतीत आधीचा करही असे. सूतगिरणी, रंगाई, विणाई आणि विक्री एकाच छताखाली असेल तर एकदाच कर. तेच काम यंत्रमागवाल्यांत वाटलेलं असेल आणि प्रत्येक टप्प्यावर माल विकला जात असेल, तर तीन-चारदा. १९८६ मध्ये मॉडव्हॅट ही पद्धत आली आणि कारखान्यात तयार होणाऱ्या मालावरच्या एक्साईजमधून कच्च्या मालावरची एक्साईज वजा होऊ लागली. १ एप्रिल २००५ पासून महाराष्ट्रात व्हॅट आला आणि विक्रीकरातला विक्रीकर वजा होऊ लागला. पण या दोन नळांची जोडणी कधी झालीच नाही. व्हॅट लागायचा तो एक्साईज धरलेल्या किमतीवर, आणि ती एक्साईज व्हॅटमधून वजा करता येत नसे.

रंगाचं उदाहरण घ्या. उत्पादकाने १०० रुपयांचा डाय विकला, १२.५ टक्के एक्साईज धरून ११२.५०. व्यापाऱ्याने त्यावर १० रुपये नफा घेतला, १२२.५०. त्यावर ६ टक्के व्हॅट धरला तर ७.३५, बिल १२९.८५. या व्हॅटमधले ७५ पैसे केवळ एक्साईजवरचे आहेत. हाच करावरचा कर. आता जीएसटीत तोच डाय: उत्पादकाचं बिल १०० अधिक १८, व्यापाऱ्याचं ११० अधिक १९.८०, म्हणजे १२९.८०. बिलात फरक फक्त पाच पैशांचा! पण व्यापारी आधीच्या १८ रुपयांचं क्रेडिट घेतो आणि सरकारला १.८० भरतो, आणि कारखान्याला १९.८० चं पूर्ण क्रेडिट मिळतं. म्हणजे कारखान्याला डाय ११० ला पडला. जुन्या पद्धतीत व्हॅट वजा झाला असं धरलं तरी तो १२२.५० ला पडायचा. बिलाच्या खालचा आकडा पाहून "कर तेवढाच आहे की" म्हणणाऱ्यांना मी हे गणित मांडून दाखवतो.

सुताचंही तसंच. परराज्यातून सी फॉर्मवर, म्हणजे सवलतीच्या दराने, २०० रुपये किलोचं सूत आलं की आंतरराज्य विक्रीवरचा २ टक्के सीएसटी, म्हणजे ४ रुपये, आणि ते कुठेच वजा होत नसत. आता आंतरराज्य मालावर ५ टक्के आयजीएसटी, १० रुपये जातात, पण सगळे वजा होतात. चार रुपये महाग आणि दहा स्वस्त, हे मालकांच्या गळी उतरायला वेळ लागतो. मात्र ट्रान-१ मध्ये सीएसटी मागता येत नव्हता, त्यामुळे जुन्या सुतातले ते चार रुपये कायमचे गेले.

आता ७(ए). आमचा तयार माल एक्साईजमुक्त होता, त्यामुळे आम्ही कधीच सेनव्हॅट, म्हणजे एक्साईजचं क्रेडिट, घेतला नव्हता. अशांसाठी जीएसटी कायद्याचं कलम १४०(३) आहे: ३० जून २०१७ ला शिल्लक असलेल्या कच्च्या मालातली, आणि अर्धवट व तयार मालात गेलेल्या कच्च्या मालातलीही, एक्साईज मागा. अट अशी की ती भरल्याचं बिल हवं आणि ते मागच्या बारा महिन्यांतलं हवं.

कर कार्यालयातला प्रश्न होता, "तयार टॉवेलमध्ये डाय किती आहे, हे कशावरून?" वजनकाट्यावर ते दिसत नाही. याला उत्तर लॉट कार्डच. प्रत्येक लॉटचं वजन, शेड आणि डायची टक्केवारी त्यावर असते. गडद मरूनला ३ ते ४ टक्के, फिकट गुलाबीला अर्धा टक्का, पांढऱ्याला शून्य. सगळ्या साठ्याला सरसकट एकच टक्का लावला की दावा तिथेच लटकतो, कारण पांढऱ्या टॉवेलवरही डाय मागितल्यासारखं होतं.

समजा २०,००० किलो रंगीत टॉवेल आणि सरासरी २ टक्के, तर ४०० किलो डाय. शिवाय न उघडलेले ड्रम २०० किलो. किलोला ४०० रुपये मूळ किंमत, एक्साईज ५० रुपये. एकूण ३०,००० रुपये.

मग दुसरा आक्षेप आला: कापडाला न चिकटता धुण्यात वाहून गेलेला डाय तयार मालात "आहे" असं कसं म्हणता? आमचं म्हणणं होतं की तो टॉवेलसाठीच वापरला गेला आणि तेवढा घातल्याशिवाय ती शेड येत नाही. हे लेखी दिलं, सोबत लॉट कार्डाच्या प्रती लावल्या, आणि ते मान्य झालं. तोंडी समजावण्यात वेळ घालवू नये. फाईलवर कागद नसेल तर पुढच्या टेबलवर तोच प्रश्न पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

खरी गाठ मात्र बिलांत होती. याच आकड्यांत सांगायचं तर ६०० किलोपैकी ३५० किलोची बिलं एक्साईज नोंदणी असलेल्या विक्रेत्यांची होती, त्यांत दर किलोची एक्साईज वेगळी लिहिलेली. उरलेला २५० किलो माल गावातल्या साध्या व्यापाऱ्यांकडून घेतलेला. त्या बिलांवर फक्त व्हॅट. एक्साईज किमतीत होती, कागदावर नव्हती. असं बिल नसलेल्या व्यापाऱ्याला तयार सूट होती: माल विकल्यावर भरलेल्या केंद्रीय जीएसटीच्या ४० टक्के, आणि हा केंद्रीय दर ९ टक्के किंवा अधिक असेल तर ६० टक्के, ट्रान-२ या फॉर्ममधून. पण कायद्यात "उत्पादक सोडून" असे शब्द आहेत. म्हणजे तोच ड्रम व्यापाऱ्याच्या गोदामात असता तर काहीतरी मिळालं असतं, आमच्या गोदामात होता म्हणून शून्य. हे मला आजही पटलेलं नाही.

मिळाले १७,५००, अडकले १२,५००. ते किमतीत गेले आणि टॉवेलवर ५ टक्के धरला तर त्यांवर आणखी ६२५ रुपये कर बसला. जीएसटी सुरू झाल्यावरही जुना साठा संपेपर्यंत करावरचा कर असा चालू राहिला.

हो, एक राहिलं. ट्रान-१ आता बंद आहे, पण नव्याने नोंदणी घेणाऱ्याला हेच गणित आयटीसी-०१ या फॉर्ममध्ये करावं लागतं. मुदत ३० दिवसांची, बिल एका वर्षाच्या आतलं, आणि दावा दोन लाखांच्या वर असेल तर सीएचा दाखला. नोंदणी घ्यायच्या आदल्या दिवशीचा साठा लॉटवार आणि शेडवार लिहून ठेवा, नंतर आठवून लिहिलेली यादी टिकत नाही.

बॉयलर आणि मालमोटारीच्या डिझेलवरचा कर आणि मागांच्या विजेवरचं शुल्क मात्र अजूनही जीएसटीच्या बाहेर आहे. त्याचं क्रेडिट नाही, ते थेट चादरीच्या किमतीत जातं आणि त्यावर जीएसटी लागतो. भाव काढताना हा खर्च क्रेडिटच्या रकान्यात टाकू नका.