जबड्याच्या कडेच्या पुळ्या आणि तेलकट त्वचा : माझा अनुभव

तिशीनंतरच्या पुळ्या बऱ्याचदा जागा धरून येतात. कपाळ आणि नाक तेलकट असलं तरी तिथे फारसं काही नसतं. कानाखालून हनुवटीपर्यंत, जबड्याच्या कडेला मात्र खोल, दुखऱ्या गाठी उठतात. त्यांना तोंड नसतं, त्या लवकर पिकत नाहीत आणि बसताना तपकिरी डाग ठेवून जातात. माझ्या चेहऱ्यावर या गाठी होत्याच, शिवाय कानशिलापासून जबड्यापर्यंत त्वचेच्याच रंगाचं, न दुखणारं बारीक पुरळ होतं. दोन्हींना आपण पुळ्याच म्हणतो, पण त्यांची कारणं वेगळी होती आणि त्या गेल्याही वेगवेगळ्या वेळी.

स्किनच्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत औषधाआधी नोंदी ठेवायला सांगितल्या. कॅलेंडरवर पाळीची तारीख, नवीन गाठ उठली तो दिवस आणि चेहऱ्याला किंवा केसांना काही नवीन लावलं असेल तर ते, एवढंच लिहायचं. दोन-तीन पाळ्यांच्या नोंदी झाल्या की चित्र दिसू लागतं. माझ्या बहुतेक गाठी पाळीच्या आधीच्या आठवड्यात उठत होत्या आणि पाळी संपता संपता बसत होत्या. बारीक पुरळाला मात्र तारखेशी काही देणंघेणं नव्हतं, ते महिनाभर तसंच असायचं. जे पाळीबरोबर वर-खाली होतं त्यामागे हार्मोन्स असण्याची शक्यता जास्त. जे हलत नाही त्याच्यासाठी आधी बाटल्या आणि डब्या तपासायच्या.

बाटल्या तपासण्याची पद्धत अशी. चेहऱ्यावरचं सगळं बंद करून तीनच गोष्टी ठेवायच्या: साधा सौम्य फेसवॉश सकाळ-संध्याकाळ, जेल स्वरूपाचं हलकं मॉइश्चरायझर आणि जेल सनस्क्रीन. तेलकट त्वचा म्हणून दिवसातून चार-पाच वेळा चेहरा धुवू नये. तेल आतल्या ग्रंथींमध्ये तयार होतं, धुण्याने ते बनणं थांबत नाही. वरचा थर मात्र कोरडा पडतो, चुरचुरतो आणि पुढे लावायचं औषध सोसवत नाही.

केसांचं तेल, सिरम आणि न धुता ठेवायचा कंडिशनर हेही चेहऱ्यावरच येतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. रात्री तेल लावून झोपलं की ते उशीच्या अभ्र्यामार्गे कानशिलावर आणि जबड्यावर पोचतं. खोबरेल, कोको बटर आणि आयसोप्रोपिल मायरिस्टेट हा घटक, हे तिन्ही छिद्रं बुजवणारे म्हणून ओळखले जातात. ‘नॉन-कॉमेडोजेनिक’, म्हणजे छिद्रं न बुजवणारं, या बाटलीवरच्या शब्दावर फार विसंबू नये, कारण त्यासाठी सगळ्या कंपन्यांना बांधून घेणारी एकच प्रमाण चाचणी नाही. मी तेल धुण्याआधी तासभर लावू लागले, केस वर बांधून झोपू लागले आणि जाड फाउंडेशन बंद केलं. बारीक पुरळ काही आठवड्यांत ओसरलं. खोल गाठी होत्या तशाच राहिल्या, म्हणजे त्यांचं मूळ बाटलीत नव्हतं.

गोरं करणाऱ्या क्रीमबद्दल थांबून सांगायला हवं. औषधांच्या दुकानात सहज मिळणाऱ्या काही क्रीममध्ये बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोलसारखं स्टिरॉइड असतं. पहिल्या आठवड्यांत लाली आणि पुळ्या बसतात, म्हणून ते औषध वाटतं. पुढे त्वचा पातळ होते, एकसारख्या लाल पुळ्या येतात आणि क्रीम थांबवलं की चेहरा भडकतो. असं क्रीम बरेच दिवस लावलं असेल तर डॉक्टरांना ते पहिल्या वाक्यात सांगावं, कारण उपचाराची सगळी दिशाच बदलते.

गाठींसाठी रक्त तपासायचं का, हे लक्षणांवर ठरतं. पाळी ३५ दिवसांपेक्षा लांबत असेल, हनुवटीवर जाड केस येत असतील, डोक्याचे केस भांगाशी विरळ होत असतील, तर पीसीओएस या अंडाशय आणि हार्मोन्सच्या विकाराचा शोध घ्यावा. टेस्टोस्टेरॉन, डीएचईए-एस, प्रोलॅक्टिन आणि थायरॉइड या नेहमीच्या तपासण्या. पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात, सकाळी रक्त दिलेलं बरं. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर अँड्रोजनचे, म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारख्या पुरुषी हार्मोन्सचे, आकडे दबलेले येतात.

माझे रिपोर्ट नॉर्मल आले. बऱ्याच जणींचे तसेच येतात, आणि मग ‘हार्मोन्सचं काही नाही’ असं समजून विषय सोडला जातो. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन मर्यादेत असलं तरी तेलग्रंथी स्वतःच त्याचं रूपांतर डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या अधिक प्रभावी रूपात करतात, आणि काहींच्या ग्रंथी त्याला जास्तच प्रतिसाद देतात. रिपोर्ट रक्तातलं प्रमाण सांगतो, ग्रंथीची संवेदनशीलता सांगत नाही.

लावायचं मुख्य औषध अ‍ॅडापलीन ०.१ टक्का जेल. मटारच्या दाण्याएवढं जेल पूर्ण चेहऱ्याला पुरतं. ते पुळीवर ठिपका म्हणून लावायचं नसतं, कारण त्याचं काम नवीन छिद्रं बुजू न देणं हे आहे. रात्री चेहरा धुऊन पूर्ण कोरडा झाल्यावर, आधी मॉइश्चरायझर, मग जेल, तेही एक दिवसाआड. ओठांचे कोपरे आणि नाकाच्या कडा टाळायच्या. पहिल्या काही आठवड्यांत पुळ्या वाढल्यासारख्या वाटतात आणि त्वचा सोलते, पण खरा फरक बारा आठवड्यांनी मोजायचा. बहुतेक ट्यूब चौथ्या-पाचव्या आठवड्यात कपाटात जातात, आणि मग औषध लागू पडलं नाही असं म्हटलं जातं. गरोदरपणात किंवा त्या तयारीत असताना अ‍ॅडापलीन लावत नाहीत. तेव्हा अ‍ॅझेलाइक अ‍ॅसिड चालतं, शिवाय ते डागांवरही काम करतं.

बारा आठवड्यांनी माझ्या गाठी कमी झाल्या, पण पाळीआधी उठतच राहिल्या. तेव्हा डॉक्टरांनी स्पायरोनोलॅक्टोन ५० मिलिग्रॅम सुरू केलं. मूळची ही लघवी वाढवणारी, रक्तदाबाची गोळी. पण अँड्रोजन जिथे ग्रंथीला चिकटतो ती जागा ती अडवते, म्हणून रिपोर्ट नॉर्मल असतानाही उपयोगी पडते. तिलाही तीन महिने द्यावे लागतात. पाळी पुढे-मागे होणं, स्तन दुखणं, उठताना चक्कर हे त्रास होऊ शकतात. गोळी चालू असताना गर्भधारणा टाळणं अनिवार्य आहे, कारण मुलगा असेल तर गर्भाच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रक्तदाबाची काही औषधं चालू असतील तर पोटॅशियम वाढण्याचा धोका असतो. मैत्रिणीची गोळी बघून ही सुरू करू नये.

ताणाबद्दल माझं मत असं, की तो एकटा पुळ्या आणत नाही, असलेल्या वाढवतो. ताणात शरीर जे संदेश सोडतं त्यांना तेलग्रंथीही प्रतिसाद देतात. शिवाय ताणात हात जबड्यावर जातो आणि गाठ दाबली जाते. खोल गाठ दाबली की आतली भिंत फुटते, सूज आजूबाजूला पसरते, आणि आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर डाग महिनोन्महिने राहतो. दाबण्याऐवजी बर्फ कापडात गुंडाळून काही मिनिटं धरला की ठणका उतरतो. लग्नकार्य तोंडावर असेल तर डॉक्टर गाठीत सौम्य केलेल्या ट्रायमसिनोलोन या स्टिरॉइडचं छोटं इंजेक्शन देतात, आणि गाठ दोन-तीन दिवसांत बसते. मात्रा जास्त झाली तर तिथे खळगा पडतो, म्हणून ते अनुभवी डॉक्टरांकडूनच घ्यावं.

सध्या माझी गोळी कमी करत आणली आहे. ती थांबल्यावर गाठी परत येऊ शकतात, म्हणून अ‍ॅडापलीन आठवड्यातून तीन रात्री चालूच ठेवलं आहे आणि कॅलेंडरवरच्या नोंदीही. उरलेले डाग अ‍ॅझेलाइक अ‍ॅसिड आणि रोजच्या सनस्क्रीनने हळूहळू फिके होत आहेत.