जर्मनीहून पुण्याला दरमहा पैसे पाठवताना: हिशेब रुपयांतच मांडा

कोथरूडला आई-बाबांच्या खात्यात मी दर महिन्याला 800 युरो पाठवतो. कुठल्या मार्गाने पाठवायचे हे ठरवताना मी फी पाहत नाही आणि दरही सुटा पाहत नाही. माझ्या खात्यातून एकूण 800 युरो गेले, तर पुण्यात नेमके किती रुपये जमा होतील, एवढा एकच आकडा सगळीकडून काढून घेतो. त्यासाठी सगळ्यांचे आकडे एकाच दिवशी, पाच-दहा मिनिटांत घ्यावे लागतात, कारण बाजारभाव सतत हलत असतो.

हिशेब सोपा जावा म्हणून बाजाराचा मधला भाव 1 युरोला 100 रुपये धरू. म्हणजे काहीच कापलं गेलं नाही तर घरी 80,000 पडले पाहिजेत.

समजा पहिलं ॲप 5 युरो फी घेतं आणि मधल्याच भावाने रुपये देतं. 795 युरोचे 79,500 रुपये झाले. दुसरं ॲप ‘फी शून्य’ म्हणतं, पण दर 98.80 देतं. तिथे 79,040 मिळतात. म्हणजे फुकटच्या सेवेने 960 रुपये घेतले, फक्त ते फीच्या रकान्यात दिसत नाहीत.

तिसरा मार्ग बँकेतून स्विफ्टने थेट युरो पाठवण्याचा. पाठवणाऱ्या बँकेचे 12 युरो धरा. मधल्या बँकेने वाटेत 10 कापले, तर पुण्याला 778 पोचतात. तिथली बँक ते आपल्या टीटी बाइंग दराने, म्हणजे ती परदेशातून आलेलं चलन ज्या दराने विकत घेते त्या दराने, रुपयांत बदलते. तो 98 धरला तर 76,244 होतात. वर परकीय चलन बदलण्यावरचा जीएसटी असतो. एक लाखापर्यंतच्या रकमेचा 1 टक्का (किमान 250 रुपये) हे मूल्य धरून त्यावर 18 टक्के, म्हणजे इथे साधारण 137 रुपये. उरले 76,107. पहिल्या ॲपपेक्षा जवळजवळ 3,400 कमी, आणि हे दर महिन्याला. फॉर्मवर खर्च दोघांत वाटणाऱ्या SHA ऐवजी सगळा खर्च पाठवणाऱ्यावर टाकणारं OUR निवडलं तर वाटेतली कपात सहसा टळते, पण पाठवणारी बँक तेवढी जास्त फी लावते आणि पुण्याच्या बँकेचा दर काही सुधारत नाही.

पण पहिलं ॲप नेहमीच जिंकतं असं समजू नका. 5 युरो ठोक फी आणि 1.2 टक्के फरक यांचा मेळ सुमारे 417 युरोंना बसतो. त्याखाली ‘फी शून्य’वालं ॲप स्वस्त पडतं: 100 युरो पाठवले तर पहिल्याकडून 9,500 आणि दुसऱ्याकडून 9,880. म्हणून दरमहा 150 युरो पाठवणाऱ्याने तीन महिन्यांचे एकदम पाठवले तर ठोक फी एकदाच लागते. तुमच्या ॲपची फी टक्केवारीत असेल तर मात्र एकत्र पाठवून काहीच वाचत नाही. पहिल्या व्यवहाराला अनेकदा नव्या ग्राहकाचा खास दर मिळतो, त्यामुळे तुलना दुसऱ्या महिन्याच्या दराने करावी. ही गोष्ट सगळ्यात जास्त लोकांच्या नजरेतून सुटते.

वेळेचं म्हणाल तर सोमवार ते गुरुवार पाठवणं बरं. शनिवार-रविवारी चलनबाजार बंद असतो, आणि सोमवारी भाव कुठे उघडेल याची जोखीम नको म्हणून काही सेवा दरातला फरक वाढवून ठेवतात. ॲपकडून रुपये आयएमपीएसने आले तर ते सुट्टीच्या दिवशीही जमा होतात. स्विफ्टने आलेले युरो मात्र बँकेचा परकीय चलन विभाग उघडेपर्यंत थांबतात, म्हणून गणेश चतुर्थीच्या आठवड्यात तो मार्ग टाळावा. गृहकर्जाचा हप्ता 5 तारखेला असेल तर मी आदल्या महिन्याच्या 27-28 ला पाठवतो. चांगल्या दरासाठी थांबण्यात राम नाही: दर 1 टक्का सुधारला तरी 800 रुपयेच वाढतात, आणि हप्ता चुकला की दंड लागतो.

पैसे अडकतात ते बहुतेक नावामुळे. पासबुकावर आडनाव आधी किंवा वडिलांचं नाव मध्ये असतं, आपण ॲपमध्ये नाव-आडनाव एवढंच भरतो. पासबुकावर आहे तसंच भरा. दुसरं कारण जुना आयएफएससी. सिंडिकेट बँक 2020 साली कॅनरा बँकेत विलीन झाली. तशा बँकांच्या जुन्या चेकबुकावरचा कोड चालत नाही. खातं छोट्या सहकारी बँकेत असेल तर तिला स्वतःचा स्विफ्ट कोड आहे का ते आधी शाखेत विचारावं.

बँकेतून बाबांना ‘पैसे कशाचे?’ असा फोन आला तर उत्तर आधीच ठरलेलं असू द्या: कुटुंबाच्या निर्वाहासाठी, पर्पज कोड P1301. मुलाने आई-वडिलांना दिलेल्या या पैशांवर त्यांना प्राप्तिकर लागत नाही. तेच पैसे मुदत ठेवीत ठेवले तर व्याज मात्र त्यांच्या उत्पन्नात धरलं जातं.