आमची वाटचाल : कोलॅबच्या निरोपाला उत्तर लिहिताना

वेंगुर्ल्याकडच्या आमच्या घरगुती कारखान्यात आमसुलं, आगळ आणि कोकम सरबत तयार होतं. पूर्वी माल मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यांच्या तोंडी शिफारशीवर जायचा. फोनवरून ऑर्डरी घ्यायला लागल्यापासून रील करणाऱ्यांकडून "कोलॅब करूया का?", म्हणजे मोबदला घेऊन तुमच्या मालावर व्हिडिओ करू का, असे निरोप येऊ लागले. ते आम्ही टाळत नाही, पण लगेच "हो, खोका पाठवतो" असंही लिहीत नाही. आधी हिशेब होतो, मग उत्तर जातं.

उदाहरण आगळाच्या बाटलीचं घेऊ. स्वयंपाकाचे व्हिडिओ करणाऱ्या एका ताईंनी एका रीलचे १८,००० रुपये सांगितले, माल वेगळा. आमची ७०० मिलीची बाटली २४० रुपयांना जाते. रातांबे, मीठ, मजुरी, बाटली, लेबल मिळून १२० रुपये. खोका, गुंडाळणी आणि वाटेतली फुटतूट ४० रुपये. कुरिअर गिऱ्हाइकाकडे. व्हिडिओवरून येणाऱ्याला २० रुपयांची सूट दिली, तर बाटलीमागे हातात ६० रुपये राहतात. म्हणजे त्या रीलमुळे ३०० बाटल्या गेल्या तरच १८,००० फिटतात, आणि तेव्हाही नफा शून्य.

यावर घासाघीस करून आकडा खाली आणण्यापेक्षा रक्कम दोन भागांत तोडणं बरं. ७,००० रुपये ठरलेले आणि त्यांच्या कूपनवर जाणाऱ्या प्रत्येक बाटलीमागे १५ रुपये. मग बाटलीमागे आमच्याकडे ४५ उरतात आणि १५६ बाटल्यांना खर्च निघतो. व्हिडिओ खरंच चालला तर त्यांनाही जास्त मिळतं. ज्यांचे प्रेक्षक खरे आहेत ते या मांडणीला सहसा नाही म्हणत नाहीत. कूपनचं नाव काढलं की गप्प होणारेही असतात. अर्थात नुसत्या गप्प बसण्यावरून कुणाला खोटं ठरवू नये, काहींना महिनाभर हिशेब ठेवत बसणं नको असतं.

उत्तर साधारण असं जातं :

"नमस्कार ताई, तुमचे व्हिडिओ आम्ही पाहिले, आगळावर एकत्र काम करायला आवडेल. त्याआधी गेल्या ३० दिवसांच्या इनसाइट्सचं स्क्रीन रेकॉर्डिंग पाठवाल का? त्यात प्रेक्षकांची शहरं आणि शेवटच्या पाच रील्सचा रीच दिसावा. आमचा प्रस्ताव असा : एक रील आणि लिंकसह दोन स्टोऱ्या, ठरलेले ७,००० रुपये, शिवाय तुमच्या कूपनवरच्या प्रत्येक बाटलीमागे १५ रुपये. जीएसटी लागणार असेल तर तो यात धरून आहे की वर, ते कळवा. निम्मी रक्कम अटी मान्य झाल्यावर, उरलेली रील टाकल्यापासून सात दिवसांत. कूपनचा हिशेब ३० दिवसांनी. माल म्हणून चार बाटल्या पाठवू, त्या परत नकोत. रील किमान ९० दिवस राहावी आणि ती सहा महिने आमच्या पानावर व व्हॉट्सअ‍ॅपवर वापरता यावी. मत तुमचं, त्यात आम्ही बोलणार नाही, पण मालाविषयीची माहिती टाकण्याआधी एकदा दाखवा."

स्क्रीनशॉटऐवजी रेकॉर्डिंग मागायचं, कारण चित्रातला आकडा बदलणं सोपं असतं. शहरं पाहायची, कारण लाखभर प्रेक्षकांतले बहुतेक आमचं कुरिअर जात नाही तिथले असतील, तर त्या लाखाचा आम्हाला उपयोग नाही. मुंबई, ठाणे, पुणे वर दिसले की बोलणं पुढे न्यायचं. जीएसटीचा प्रश्न सुरुवातीलाच विचारायचा, नाहीतर ७,०००च्या बिलावर १८ टक्क्यांनी १,२६० रुपये मागून चढतात. ९० दिवसांची अट नसेल, तर पैसे मिळाल्यावर रील काढून टाकली तरी बोलायला जागा राहत नाही. आणि आमच्या पानावर वापरायची असेल तर गाणंही पाहावं लागतं : चलतीतलं फिल्मी गाणं धंद्याच्या पानावर वापरायला हक्क लागतात. त्यापेक्षा नारळ खवल्याचा आणि फोडणीचा आवाज पुरतो.

निम्मे-निम्मे यासाठी की दोघांचाही सारखाच जीव अडकलेला राहतो. पैसे पाठवण्याआधी त्याच खात्यावरून, म्हणजे जिथे व्हिडिओ दिसतात तिथून, यूपीआय आयडी मागवायचा. हुबेहूब नावाची दुसरी खाती काढून आगाऊ रक्कम उकळणारे असतात. कुणी एजन्सीच्या नावाने आमच्याकडेच नोंदणी फी मागितली, तर तिथेच थांबायचं.

आता मालाची माहिती. पैशांपेक्षा जास्त घोटाळे इथे होतात. आगळ म्हणजे रातांब्यांचा मीठ घालून काढलेला रस, त्यात साखर नसते. सरबत वेगळं. व्हिडिओत आगळ नुसतं पाण्यात ओतून प्यायलं, की पाहणाराही तेच करतो आणि "खारट आहे" म्हणून बाटली परत करतो. म्हणून बाटल्यांसोबत सोलकढीचा कागद जातो : एका नारळाच्या दुधाला दोन ते तीन मोठे चमचे आगळ, चव घेऊन मगच मीठ, आणि दूध गरम नको, फुटतं. कॅमेऱ्यासमोर पितळी भांडं छान दिसतं, पण बिनकल्हईच्या पितळेत आंबट सोलकढी कळकते. काच, स्टील किंवा चिनी माती, एवढं आधीच कळवायचं.

"पित्त कायमचं जातं", "वजन उतरतं" असली वाक्यं आम्ही लेखी नको म्हणतो. आजीबाई घरात काहीही म्हणोत, पैसे देऊन केलेल्या व्हिडिओत तो जाहिरातीतला दावा होतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला आणि शिफारस करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा घडलं तर ५० लाखांपर्यंत. पैसे घेतलेत हेही स्पष्ट सांगावं लागतं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये काढलेल्या सूचनांप्रमाणे व्हिडिओत ते दिसायलाही हवं आणि ऐकूही यायला हवं, व्हिडिओच्याच भाषेत. हॅशटॅगच्या गर्दीत शेवटी दडवून चालत नाही. फुकट दिलेल्या मालालाही हे लागू आहे, म्हणजे "पैसे दिले नाहीत, फक्त बाटल्या दिल्या" ही पळवाट नाही. मराठी रीलमध्ये सुरुवातीलाच "ही सशुल्क जाहिरात आहे" असं बोलून आणि लिहून काम भागतं.

होमस्टेवाल्या मित्रांसाठी एक जादा गोष्ट : वस्तू किंवा मुक्कामाच्या रूपात एकाच व्यक्तीला वर्षात २०,००० रुपयांच्या वर दिलं, तर १० टक्के टीडीएसचा नियम जुलै २०२२ पासून आहे. लहान वैयक्तिक धंद्यांना त्यात सूट आहे, भागीदारी फर्मला ती नाही. चार बाटल्यांचा प्रश्न येत नाही, पण दोन खोल्या, जेवण आणि बोटीची फेरी मिळून आकडा पटकन तिथे पोचतो.

शेवटची अट तारखेची. रातांबे एप्रिल-मेमध्ये पिकतात, पाऊस लागला की हंगाम संपतो, आणि आगळ वर्षातून तेव्हाच निघतं. गणपतीच्या तोंडावर रील चालली आणि फडताळात ८० बाटल्याच उरल्या असतील, तर नवीन माल करून देता येत नाही. त्यामुळे रीलची तारीख ठरवताना किमान २०० बाटल्या कूपनसाठी बाजूला काढून ठेवतो. त्या संपल्या की कूपन बंद करायचं, त्याच दिवशी ताईंना कळवायचं आणि स्टोरीतली लिंक आमसुलांच्या पानावर वळवायला सांगायचं. आमसुलांवर बाटलीचे १५ रुपये लागू नाहीत, पाव किलोमागे ८ रुपये, आणि तो आकडाही पहिल्याच उत्तरानंतर ठरलेला असतो.