मनगटावरचा लालसर पट्टा

फाइलला लावलेल्या चिठ्ठीत तीनच वाक्यं होती. ‘संध्याकाळी खूप अस्वस्थ असतात. लॅव्हेंडर रोज लावतोय, फरक नाही. जास्त लावलं तर चालेल का?’

आजी ऐंशीच्या पुढच्या. अल्झायमर बराच पुढे गेलेला, बोलणं दोन-चार शब्दांवर आलेलं. दुपार उलटली की खोलीत फेऱ्या सुरू व्हायच्या, टेबलाच्या कडेवर हात घासणं, बाह्या ओढणं, कुणी कपडे बदलायला गेलं की हात झटकणं. केअर होममध्ये या सगळ्याला एकच शब्द असतो, ‘ॲजिटेशन’. तो एकदा लिहिला गेला की त्याच्या आत काय काय आहे, हे सहसा कुणी पाहत नाही.

अरोमाथेरपीसाठी, म्हणजे सुगंधी तेलांच्या उपचारासाठी, बोलावणं आलं तरी तेलाची बाटली सगळ्यात शेवटी उघडायची असते. आधी विचारायचं, बदल अचानक झाला की हळूहळू? एक-दोन दिवसांत माणूस पालटला असेल तर लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, नवं औषध, शरीरातलं पाणी कमी होणं हे सगळं डॉक्टरांनी तपासेपर्यंत सुगंधाचं नावही काढायचं नाही. मग वेदना. बोलता न येणाऱ्यांसाठी पेनॅड नावाची छोटी मोजपट्टी आहे: श्वास, तोंडातून निघणारा आवाज, चेहरा, शरीराची हालचाल आणि समजावल्यावर शांत होणं, प्रत्येकाला ० ते २ गुण, एकूण १०, जितके जास्त तितकी वेदना जास्त. आजींना २ मिळाले, दोन्ही हालचालीचे. अचानक काही घडलेलं नव्हतं. अस्वस्थता काही महिन्यांची होती.

त्यानंतर नाक. अल्झायमरमध्ये वास ओळखण्याची शक्ती बरेचदा विसरभोळेपणाच्याही आधी मंदावू लागते, आणि तरीही वासाचा उपचार सुरू करताना समोरच्याला वास येतो का हे क्वचितच पाहिलं जातं. पद्धत साधी आहे. कागदाच्या दोन पट्ट्या घ्यायच्या, एक कोरी, दुसरीवर एक थेंब. नाकापासून वीतभर लांब, बाजूनं आणायच्या, चेहऱ्यासमोर अचानक नाही. शब्दांची वाट पाहायची नाही, चेहरा वाचायचा: नाकपुडी हलते का, मान जवळ येते की मागे जाते, कपाळावर आठी येते का. आजींचा चेहरा दोन्ही पट्ट्यांना सारखाच राहिला. क्रम बदलूनही तेच. महिनोन्‌महिने ज्या वासानं त्यांना शांत करायचं चाललं होतं, तो त्यांच्यापर्यंत पोहोचत होता असं दिसलंच नाही.

मग हात. त्वचा तपासायची ती उजेडात, बाह्या कोपराच्या वर सरकवून, दोन्ही हातांची. या वयात त्वचा पातळ झालेली असते. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर नुसत्या दाबानं जांभळे डाग पडतात, आणि जुनी चीर भरलेली दिसली तरी तिथे पुन्हा फाटू शकते. औषधाचा पॅच कुठे लावलाय तेही पाहायचं. आजींच्या पाठीवर रिव्हास्टिग्मिन या अल्झायमरवरच्या औषधाचा पॅच होता. तो जिथे लागतो तिथे तेल किंवा लोशन असेल तर नीट चिकटत नाही, म्हणून पाठ वर्ज्य.

दोन्ही मनगटांच्या आतल्या बाजूला लालसर, किंचित खवले धरलेला पट्टा होता. त्यावर नखांच्या रेघा. कार्डिगनची बाही तिथवरच यायची, म्हणून सहज दिसत नव्हता. बांगडी नाही, घड्याळ नाही. साबणाचा त्रास असता तर बहुधा हाताच्या पाठीवर आणि बोटांच्या बेचक्यांत दिसला असता, तिथली त्वचा स्वच्छ होती. पट्टा बरोबर तिथेच होता जिथे माणूस अत्तर लावतो.

संध्याकाळच्या पाळीच्या ताईंना विचारलं. त्या रोज चार वाजता प्रेमानं दोन्ही मनगटांवर चार-चार थेंब लावत होत्या, थेट बाटलीतून. शिवाय उशीवर दोन. त्यांना बोल लावण्यात अर्थ नव्हता. त्यांच्या हातात बाटली देणाऱ्यानं प्रमाण सांगितलंच नव्हतं. वृद्ध त्वचेसाठी १ टक्का ही माझ्या मते वरची मर्यादा, सुरुवात अर्ध्या टक्क्यानं. साधारण २० थेंबांचा १ मिलिलिटर धरला तर ३० मिलिलिटर बिनवासाच्या लोशनमध्ये ३ थेंब म्हणजे अर्धा टक्का, ६ थेंब म्हणजे १ टक्का. आजींच्या मनगटांवर रोज ८ थेंब जात होते. तेवढ्यात १ टक्क्याचं ४० मिलिलिटर लोशन तयार झालं असतं, आणि ते कितीतरी दिवस पुरलं असतं.

बाटली कपाटातून काढली. लेबलवर नुसतं ‘लॅव्हेंडर’. लॅव्हॅन्ड्युला अँगस्टिफोलिया हे पूर्ण नाव नसेल तर आत स्पाइक लॅव्हेंडर किंवा लॅव्हॅन्डिन असू शकतं, आणि त्यांत कापूर बराच जास्त असतो. उघडल्याची तारीख लिहिलेली नव्हती. बाटली निम्म्याहून रिकामी, म्हणजे उरलेल्या जागेत हवा, आणि कपाट हीटरच्या वर. वास गोडसर राहिला नव्हता, टर्पेंटाइनच्या अंगानं जाणारा झाला होता. लॅव्हेंडरमधल्या लिनॅलूल या घटकाचा हवेशी संयोग होऊन हायड्रोपेरॉक्साइडं तयार होतात, आणि त्वचेला ॲलर्जी लावण्यात ती ताज्या तेलापेक्षा फार पुढे असतात. पॅच टेस्ट या त्वचेवरच्या चाचणीशिवाय ‘ॲलर्जी’ असं लिहिता येत नाही, म्हणून डॉक्टरांसाठीच्या नोंदीत मी ‘त्वचेचा दाह, लॅव्हेंडर तेलाचा संशय’ एवढंच लिहिलं. त्या सुजलेल्या त्वचेवर तेच तेल पुन्हा लावून खात्री करणं हा पर्याय नव्हता.

सगळं तेल बंद. डॉक्टरांनी सौम्य स्टिरॉइड मलम दिलं. उशीची खोळ आणि कार्डिगन गरम पाण्यात दोनदा धुवायला सांगितलं, कारण बाहीच्या कडेत मुरलेलं तेल रोज नव्यानं त्वचेला लागत राहतं. मलम लावूनही पट्टा जात नसेल, तर बहुतेक वेळा दोष बाहीचा असतो.

या प्रकरणात मला अजून छळतो तो तक्ता. संस्था अस्वस्थता मोजणारी कोहेन-मॅन्सफील्डची यादी भरत होती: २९ वागणुकी, प्रत्येकीला ती किती वेळा घडते यावरून १ ते ७ गुण. नोंदी नियमित होत्या, त्याबद्दल त्यांना मानलं पाहिजे. पण प्रत्येक महिन्याची फक्त बेरीज पुढे जायची, आणि बेरीज जवळपास तीच राहिली होती. म्हणून ‘फरक नाही’. ओळी वेगवेगळ्या वाचल्या तेव्हा दिसलं की तेल सुरू होण्याआधी फेऱ्या मारणं खूप होतं आणि तीच ती हालचाल पुन्हा पुन्हा करणं जवळजवळ नव्हतं. तेल सुरू झाल्यावर फेऱ्या थोड्या कमी झाल्या आणि काही आठवड्यांनी हात घासणं, बाह्या ओढणं वर चढलं. एक ओळ उतरली, दुसरी चढली, बेरीज जागच्या जागी. खाज सुटलेली बाई टेबलाच्या कडेवर मनगट घासत होती आणि त्यावर उपाय म्हणून त्याच मनगटावर पुन्हा थेंब पडत होते.

दोनेक आठवड्यांत त्वचा निवळली आणि हात घासणं बरंच थांबलं. फेऱ्या मात्र पहिल्यासारख्या वाढल्या. मग तेल असताना त्या कमी का झाल्या होत्या? वास तर येत नव्हता. ताईंना पुन्हा विचारलं, थेंब लावताना नेमकं काय करता? ‘काही नाही, खुर्ची ओढून बसते, हात हातात घेते, चोळते पाच मिनिटं.’ तक्त्यात यातलं काहीच नव्हतं. तिथे फक्त ‘लॅव्हेंडर दिलं’.

तेव्हा तेवढंच ठेवायचं ठरलं. बिनवासाचं लोशन, तेही आधी कोपराच्या आतल्या बाजूला वाटाण्याएवढं लावून, पेननं कडेला खूण करून, २४ आणि ४८ तासांनी पाहून. काही उठलं नाही. मग फेऱ्या सुरू होण्याच्या अर्धा तास आधी, तळहातापासून कोपरापर्यंत, प्रत्येक हाताला पाच मिनिटं, वजन न देता, पूर्ण तळव्यानं. अंगठ्यानं दाबायचं नाही, जांभळे डाग तिथेच पडतात. संपल्यावर तळहात कोरडे पुसायचे. ओशट हातानं कठडा धरला की पडण्याची भीती, आणि ही गोष्ट बोलावणाऱ्या एकाही चिठ्ठीत नसते.

संमती रोज नव्यानं. मुलाची सही फाइलमध्ये होती, पण ती सही म्हणजे आजींचा ‘हो’ नव्हे. लोशनची बाटली दाखवायची, आपला हात उताणा पुढे करायचा आणि थांबायचं. त्यांनी हात ठेवला तर सुरुवात. बोटं आवळली, हात पोटाशी घेतला, मान वळवली, तर तो नकार, कालचा होकार काहीही असो. एकदा आजींनी मधेच हात काढून घेतला. शेजारची एक मदतनीस म्हणाली, ‘धरून ठेवा, आत्ता शांत होतील.’ मी थांबले. धरून ठेवलेला माणूस शांत दिसतो तो बरेचदा हार मानल्यामुळे, आणि तक्त्यात दोन्ही एकच दिसतात. तक्त्यात त्या दिवशी ‘नकार, दीड मिनिटानंतर’ अशी नोंद गेली, आणि पुढच्या नोंदींतून कळलं की दुसरा हात त्यांना बहुतेकदा नकोच असतो.

शेजारच्या खाटेवरच्या बाईंना फुप्फुसाचा जुना आजार होता. संध्याकाळी त्या सारखी खिडकी उघडायच्या आणि त्याचीही ‘वागणूक’ म्हणून नोंद होती. उशीवरचे थेंब बंद झाल्यावर ते पुष्कळ कमी झालं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. दोघींच्या खोलीत वास हा एकीचा उपचार नसतो. हवेत वास सोडणारा डिफ्यूझर तर सगळ्या हॉलची संमती गृहीत धरतो, आणि मी तिथे तो ठेवू देत नाही.

काम वासानं केलं की स्पर्शानं, याच गाठीपाशी संशोधनही अडलेलं आहे. २००२ मध्ये तीव्र डिमेन्शियाच्या ७२ जणांवर मेलिसा, म्हणजे लेमन बामच्या लोशनचा अभ्यास झाला आणि अस्वस्थता स्पष्ट कमी झालेली दिसली. २०११ मध्ये ११४ जणांवर मोठा अभ्यास झाला. त्यात कोणतं लोशन आहे हे वासावरून कळू नये म्हणून तपासणाऱ्यांनी नाकाला चिमटे लावले होते. तिथे मेलिसा, डोनेपेझिल ही अल्झायमरवरची गोळी आणि नुसतं प्लासिबो या तिन्ही गटांत फरक राहिला नाही, तिन्ही गट थोडे थोडे सुधारले. ज्यांचं नाक शाबूत आहे आणि ज्यांना एखादा वास खरोखर आवडतो, त्यांच्यासाठी मी आजही रुमालावर एक थेंब वापरते, पसंती विचारून. पण तेव्हाही काम कुणी केलं, थेंबानं की शेजारी बसण्यानं, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

आजींच्या मुलाला लॅव्हेंडर परत हवं होतं. ‘आईला आवडायचं.’ तेही खरं असेल. मी त्यांना पट्ट्यांची चाचणी पुन्हा करून दाखवली, मनगट दाखवलं, आणि लॅव्हेंडर टाळण्याची सूचना फाइलच्या पहिल्या पानावर कायम का राहणार ते सांगितलं. त्वचेनं एखादी गोष्ट नाकारायची ठरवली असेल तर ती सहसा विसरत नाही. त्यांनी हात चोळणं शिकून घेतलं, भेटीच्या दिवशी आता तेच करतात.

संस्थेच्या अर्जात मात्र रकाना एकच आहे: ‘अरोमाथेरपी दिली: हो / नाही’. ताईंना मी ‘नाही’वर खूण करून खाली ‘हात, ५ मिनिटं, बिनवासाचं’ असं लिहायला सांगितलंय. महिनाअखेरच्या अहवालात ती ओळ गळते आणि आजींच्या नावापुढे ‘उपचार नाही’ असं छापून येतं. रकाना बदलून मागितला आहे. तोवर कामाचं वेळापत्रक आखताना, उपचार नाही म्हणून, ताईंची ती दहा मिनिटं दुसऱ्या कुणाला दिली जातील ही भीती खरी आहे.