विषय नसलेलं पत्र

नववीच्या कृतिपत्रिकेत मी 5 गुणांचं पत्र दिलं होतं: वस्तीवर टँकर सुरू करावा म्हणून गटविकास अधिकाऱ्यांना विनंती. प्रारूपाला 2 गुण, म्हणजे दिनांक, प्रति, विषय आणि शेवटचा नाव-पत्ता यांना अर्धा-अर्धा. मजकुराला 2, भाषेला 1. सोबत शाळेच्या फलकासाठी सूचनालेखनही होतं. त्यात निम्म्या पोरांनी तारीख लिहिली अन् वेळ विसरली, पण ते नेहमीचंच.

तपासताना दोन पेपर शेजारी आले. एका पोराचं प्रारूप चोख, विषय 'पाण्याबाबत', मजकूर तीन ओळींचा: टंचाई आहे, लोकांना त्रास होतो, लक्ष घालावे. चार गुण बसले. दुसरा एका मुलीचा. दिनांक नाही, विषय नाही, थेट 'साहेब' म्हणून सुरुवात. पण पहिलीच ओळ होती, 'आमच्या हापशाला चार घागरी भरल्या की पाणी तुटतं, मग अर्धा तास बसून राहावं लागतं.' पुढे किती घरं, विहीर कधी आटली, सगळं. बेरीज झाली तीन.

"सर, माझं पत्र वाचून कळायलंय की. मग मार्क काहून कमी?"

'नियम आहे' एवढंच मी बोललो. मलाही ते पटलं नव्हतं.

तिच्या वडिलांनी तेच पत्र आपल्या नावानं उतरवून घेतलं, सही केली. मला शाळेच्या कामानं पंचायत समितीत जायचंच होतं, दोघं बरोबर गेलो. आवकच्या टेबलावरच्या बाबूनं नोंदवही उघडली. आवक क्रमांक टाकला, तारीख टाकली, कोणाकडून ते लिहिलं. पुढचा रकाना विषयाचा. त्यानं पत्रावर वरखाली नजर फिरवली, पहिली ओळ वाचली आणि लिहायला लागला, 'हापसा दुरुस्ती...'

"अहो, टँकर पाहिजे टँकर!" वडील जवळजवळ ओरडलेच.

तो कागद हापसे दुरुस्तीवाल्यांच्या टेबलावर गेला असता आणि टँकरची फाईल उघडलीच नसती. बाबूचा तरी काय दोष? दिवसभरात ढीगभर कागद; तो विषय वाचतो, पत्र नाही. मी तिथंच उभ्यानं पत्राच्या वर तारीख घातली आणि लिहिलं, 'विषय: वस्तीवर पिण्याच्या पाण्याचा टँकर सुरू करणेबाबत'. बाबूनं खोडून तेच उतरवलं, दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का मारला आणि म्हणाला, "ग्रामपंचायतीचा ठराव कुठंय? सोबत जोडा, अन् 'सोबत' म्हणून खाली लिहा."

'सोबत' ही ओळ माझ्या गुणदानात नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी वर्गात हे सगळं सांगितलं. चार गुणवाल्या पोराला फळ्यावर विषय नव्यानं लिहायला लावला, कारण 'पाण्याबाबत' वाचून तरी बाबूला काय कळणार होतं? मीच त्याला पूर्ण अर्धा गुण दिला होता.

पोरीनं हात वर केला. "सर, विषयावरच सगळं अडतंय, तर त्याला अर्धाच मार्क कसा?"