ऐन फवारणीत विमानाने मागवलेला माल अडकला: माझा अनुभव

मालात चुंबक आहे का, एवढा एक प्रश्न आमच्या मुंबईच्या फ्रेट फॉरवर्डरने, म्हणजे परदेशातून माल आणून देणाऱ्या एजंटने, बुकिंग घेतानाच विचारायला हवा होता. तो त्याने विचारला नाही आणि ऐन जुलैत माझी गिऱ्हाइकं दुसऱ्या दुकानात गेली. आता पुढचा हंगाम तोंडावर आला तरी माझा राग गेलेला नाही.

यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी आम्ही बॅटरीवरचे फवारणीचे पंप जुळवून विकतो. टाकी, पट्टे आणि बॅटरी देशातच मिळतात. आतली १२ व्होल्टची डायफ्रॅम मोटर मात्र चीनहून येते. नेहमीचा मार्ग निंगबो ते न्हावाशेवा, जहाजाने. आमचा माल पूर्ण कंटेनरभर नसतो, त्यामुळे दुसऱ्यांच्या मालाबरोबर कंटेनर भरेपर्यंत थांबायचं, मग समुद्रावरचे तीनेक आठवडे, मग सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर गोदामात, कंटेनर रिकामा होणं, कस्टम आणि शेवटी ट्रक. कारखान्यातून माल निघाला की आमच्या दारात यायला दीड महिना धरावाच लागतो.

मेअखेर निघायच्या मोटरी जूनअखेर तयार होतील, असा पुरवठादाराचा निरोप आला. म्हणजे जहाजाचा माल ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात. कपाशी आणि सोयाबीनची फवारणी तोवर थांबत नाही. जुलैत रोज सरासरी बारा पंप जातात. पोळा जवळ आला की मागणी उतरायला लागते.

मग हिशोबाला बसलो. एका मोटरवर मला शंभर-सव्वाशे रुपये सुटतात. मोटरीचं वजन पॅकिंगसह ६७० ग्रॅम आणि विमानाचं भाडं किलोला ३०० रुपये, म्हणजे एका मोटरीला दोनशे रुपये. इथेच बरेच जण वही मिटतात. पण मोटर नाही म्हणून माझा अख्खा पंप अडतो, आणि पंपावर ३५० रुपये सुटतात. शिवाय न विकलेल्या पंपामागे टाकी आणि बॅटरीचे अकराशे रुपये पुढच्या हंगामापर्यंत पडून राहतात. शेकडा एक रुपया महिना धरला तरी दहा महिन्यांचे ११० होतात. म्हणजे हातचा गेलेला पंप ४६० रुपयांना पडतो. दुरुस्तीसाठी सुट्या विकायच्या मोटरींना हा हिशोब लागू होत नाही. तिथे दोनशे रुपये भाडं देणं शुद्ध तोटा आहे. त्या जहाजानेच येऊ दिल्या, कारण तूर आणि हरभऱ्याच्या फवारणीपर्यंत त्या खपतच राहतात.

किती पंप हातचे जातील, तेही फुगवून धरू नये. विमानाचा माल १० जुलैच्या सुमारास आणि जहाजाचा महिन्याभराने, म्हणजे मधले तीस दिवस आणि ३६० पंप. पण सगळेच गिऱ्हाईक जात नाही. “आठ दिवसांनी या” म्हटल्यावर तीनातले दोन जण दुसरीकडून घेतात, एक थांबतो, असं माझी जुनी वही सांगते. म्हणून गेलेले पंप २४० आणि नुकसान एक लाख दहा हजार. ३६० मोटरींचं वजन २४१ किलो, विमानाचं भाडं ७२ हजार. फायदा ३८ हजारांचा. तेवढ्याच मोटरी विमानाने मागवल्या.

विमानात वजन आणि आकारमान यांतलं जे जास्त ते धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ६००० ने भागायचं. मोटरीचं खोकं जड आणि लहान असतं, तिथे खरं वजनच लागतं. जुळवलेला अख्खा पंप मागवला तर सहा किलोच्या खोक्याला आठ किलोचं भाडं पडतं. टाक्या विमानाने आणायचा विचारसुद्धा करू नये.

आता खरं दुखणं. फॉरवर्डरने विचारलं, “बॅटरी आहे का मालात?” मी म्हटलं, नाही, नुसत्या मोटरी आहेत. त्याने बुकिंग केलं, एअर वे बिलाचा, म्हणजे विमानाच्या मालपावतीचा, नंबर पाठवला आणि खाली लिहिलं, ‘माल निघाला’. मी दुकानातून गावोगावच्या विक्रेत्यांना फोन केले. माल मात्र तिकडच्या विमानतळावरून परत फिरवला होता. अशा डीसी मोटरींमध्ये कायमचं चुंबक असतं, आणि चुंबकाचा परिणाम विमानाच्या होकायंत्रावर होऊ शकतो. म्हणून विमान कंपनी चाचणीचा अहवाल मागते. खोक्यापासून २.१ मीटरवर होकायंत्राची सुई दोन अंशांपेक्षा जास्त हलली, तर तो माल चुंबकीय म्हणजे धोकादायक वर्गात जातो, त्याचा यूएन क्रमांक २८०७. मग कागदपत्रं वेगळी, पॅकिंगचे नियम वेगळे. ४.६ मीटरवरही तेवढी हलली, तर तसा माल विमानात घेतच नाहीत.

हे मला कोणी सांगितलं नाही. फॉरवर्डर म्हणे अहवाल पुरवठादाराने द्यायचा, पुरवठादार म्हणे तो फॉरवर्डरच्या तिकडच्या माणसाने काढायचा. मध्ये त्यांचा शनिवार-रविवार आला. चाचणी झाली तर दोन खोकी मर्यादेबाहेर निघाली. ती उघडून मोटरी उलटसुलट मांडल्या, आतून लोखंडी पत्रा लावला आणि पुन्हा चाचणी केली. नऊ-दहा दिवस त्यात गेले. इकडे दुकानात रोज तेच. “भाऊ, पंप आला का?” “येतेच आहे.” “मंग राहू द्या, कपाशीवर मावा वाढून राहिला.” त्या माणसाला थांब कसं म्हणणार? रोजच्या बारातले आठ गेले, म्हणजे दिवसाला ३६८० रुपये. दहा दिवसांत माझे ३८ हजार जवळजवळ संपले.

‘माल निघाला’ या निरोपावर विश्वास ठेवू नका. एअर वे बिलाचा नंबर अकरा अंकी असतो, पहिले तीन अंक विमान कंपनीचे. तो त्या कंपनीच्या साइटवर टाका. BKD दिसलं तर नुसतं बुकिंग झालंय, माल कुठेही असू शकतो. RCS म्हणजे कंपनीने माल तपासून ताब्यात घेतला. DEP म्हणजे विमान माल घेऊन निघालं, ते दिसल्यावरच गिऱ्हाइकाला तारीख सांगा. माझ्या नंबरावर सगळे दिवस BKD होतं, आणि ते मी दाखवल्यावरच फॉरवर्डर खरं बोलला.

कस्टमचं एक राहिलं. विमानाचं भाडं कितीही असलं, तरी ड्युटीसाठी ते मालाच्या एफओबी, म्हणजे भाडं आणि विमा सोडून असलेल्या, किमतीच्या २० टक्क्यांपर्यंतच धरतात. माझा माल ६८ हजारांचा, म्हणजे भाडं ७२ हजार असलं तरी धरायचे साधारण १३,६००. कस्टमला द्यायच्या बिल ऑफ एन्ट्रीचा मसुदा सीएचएकडून, म्हणजे कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटकडून, आधी मागून हा आकडा स्वतः पाहा. मुंबईत माल उतरल्यानंतर यवतमाळपर्यंत काहीच अडलं नाही.

यंदा पुरवठादाराला ऑर्डर देतानाच लिहिलं आहे की प्रत्येक खोक्याचं माप, वजन आणि चुंबक चाचणीचा अहवाल मोटरी तयार होतील त्याच दिवशी हवा, माल जहाजाने जाणार असला तरी. चाचणीचा खर्च किरकोळ आहे. फॉरवर्डर बदलला. जुन्याने त्या दहा दिवसांचं गोदामभाडं माझ्या बिलात लावलं होतं. BKD चे स्क्रीनशॉट जोडून मी ते नाकारलं. निम्मं त्याने सोडलं, उरलेलं मी अजून दिलेलं नाही आणि देणारही नाही.