डबीवरचं नाव

कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर एका शेतकऱ्यानं माती परीक्षणाची डबी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "यावरून युरिया किती टाकायचा ते कळंल ना?"

नाही कळणार. डबीत होती सामू, म्हणजे मातीचा पीएच, बघायची द्रावणाची बाटली, एक नळी आणि रंगपट्टी. नत्र, स्फुरद, पालाश, क्षारता यातलं काहीच ती मोजत नाही. पण वर मोठ्या अक्षरात फक्त 'माती परीक्षण किट'. त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता.

अशा डबीचं नाव मला 'सामूरंग' असावंसं वाटतं, खाली ठळक ओळ: 'रंगावरून मातीचा सामू, खताची मात्रा नाही'. काय मोजायचं आणि कसं, दोन्ही नावातच आलं. नुसतं वर्णन करणारं नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवणंही अवघड असतं. १९९९ च्या कायद्याचं कलम ९ तिथं आड येतं. जोडशब्दाला निदान वाव राहतो.

नावात न मावणारी एक गोष्ट झाकणावर हवीच: पाणी डिस्टिल्ड घ्या. १० ग्रॅम माती, २५ मिली पाणी, ढवळून अर्धा तास ठेवा, वरच्या निवळीत द्रावणाचे थेंब टाका. बोअरचं पाणी वापरलं तर त्यातल्या बायकार्बोनेटमुळे सामू आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकतो. मग चांगल्या जमिनीलाही सोडियमनं बिघडलेली चोपण जमीन समजून जिप्समवर खर्च होतो.

तुमच्या भागात 'सामू' म्हटलं की लगेच कळतं, की 'पीएच'च लिहावं?